नॉझल गेलं तरी चालेल, ब्लॉकचे आटे जाता कामा नयेत

प्रश्न: सर, माझ्या थ्रीडी प्रिंटरला प्लास्टिक वितळवणारा व्ही६ पद्धतीचा ऑल-मेटल हॉट एंड आहे, २४ व्होल्टचा. ०.४ चं पितळी नॉझल निघतच नाही. पीईटीजी प्लास्टिक गळून नॉझल तापवणाऱ्या ब्लॉकभोवती तपकिरी थर जमलाय. मी गरम करून पक्कडीनं फिरवायला गेलो तर नॉझलचे कोपरे गोल झाले आणि ब्लॉकच थोडा फिरला. मग भिऊन थांबलो. उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये विचारलं, ते म्हणाले आणून द्या, ड्रिल मारून काढतो. द्यायचं का? मी बेळगावातच असतो.

उत्तर:

आत्ताच देऊ नका. ड्रिल हा शेवटचा उपाय आहे आणि त्याच्या आधीच्या तीन पायऱ्या तुमच्या अजून झालेल्या नाहीत. ब्लॉक फिरल्यावर तुम्ही थांबलात हे फार बरं झालं. त्यापुढे आणखी पाव फेरा जोर लावला असता तर ब्लॉकला वरून धरणारी हीटब्रेकची नळी मोडून ब्लॉक हातात आला असता.

या कामात जोर जातो कुठे, एवढं एकदा नीट बघून घ्या. नॉझल ब्लॉकमध्ये खालून बसतं आणि हीटब्रेक वरून. व्ही६ पद्धतीत ब्लॉकला दुसरा आधारच नसतो, तो फक्त हीटब्रेकवर लटकलेला असतो. हीटब्रेकचा मधला गळा मुद्दाम बारीक केलेला असतो, म्हणजे उष्णता वर चढत नाही. त्या गळ्याची भिंत अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड नसते. ब्लॉक न धरता नॉझलला पीळ दिला की तो सगळा पीळ त्या गळ्यावर जातो. त्याच वेळी ब्लॉकच्या भोकातून बाहेर येणाऱ्या, तापमान मोजणाऱ्या थर्मिस्टरच्या केसासारख्या तारा भोकाच्या कडेवर घासतात. म्हणून नॉझल काढताना तुटतात त्या वस्तू सहसा याच क्रमानं: आधी थर्मिस्टरची तार, मग हीटब्रेकचा गळा, आणि सगळ्यात शेवटी ब्लॉकचे आटे. पितळी नॉझल या सगळ्यांत स्वस्त आहे. त्याला कापा, घासा, चुरगाळा, त्याचं काहीच जात नाही.

आधी तपासणी, थंड असताना

ब्लॉक फिरला आहे, त्यामुळे गरम करायच्या आधी प्रिंटरचा प्लग काढा आणि मल्टिमीटर घ्या. थर्मिस्टरच्या आणि हीटरच्या तारा बोर्डावरून सोडवा, मग थर्मिस्टरच्या दोन तारांत रोध बघा. हे थर्मिस्टर बहुतेक १०० किलो-ओहमचे असतात, म्हणजे २५ अंशांना १०० किलो-ओहम. खोलीत ३० अंश असतील तर ८० च्या आसपास दिसेल. तारा हळूच हलवत बघा. आकडा उड्या मारत असेल किंवा रोध अनंत येत असेल तर तार आतून तुटली आहे. तसाच हीटर चालू केला तर प्रिंटर चुकीचं तापमान वाचेल, म्हणून थर्मिस्टर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हीटरच्या दोन तारांत, २४ व्होल्ट आणि ४० वॉटचा हीटर असेल तर, सुमारे १४ ओहम यायला हवेत. त्यानंतर हीटरची एकेक तार आणि ब्लॉकचा धातू यांच्यामध्ये तपासा. इथे काहीच जोड दिसता कामा नये. जोड दिसला तर तारेचं आवरण कापलं गेलंय. अशा स्थितीत लोखंडी पाना ब्लॉकला लावून काम केलं की मदरबोर्डवरचा हीटर चालवणारा मॉसफेट उडतो. नॉझलच्या नादात बोर्ड घालवणारे काही कमी नाहीत.

शेवटी डोळ्यांच्या पातळीवर येऊन हीटसिंक आणि ब्लॉक यांच्यातला गळा दोन दिशांनी बघा. ब्लॉक तिरका दिसत असेल तर हीटब्रेक वाकलाय. तो सरळ करायला जाऊ नका, बदलायचाच आहे असं धरून चला. त्यातही एक सोय आहे: हीटब्रेक नाहीतरी जाणारच असेल तर तुम्हाला फक्त ब्लॉक सांभाळायचा आहे आणि पुढचं काम ब्लॉक बाहेर काढूनच करता येईल.

अडकलंय कशामुळे, ते ओळखा

गळालेलं प्लास्टिक कुठे जास्त आहे ते बघा. ब्लॉकच्या वरच्या बाजूला, हीटब्रेकच्या मुळाशी तपकिरी कडं असेल तर प्लास्टिक आट्यांतून वर आलंय. ते फक्त खाली, नॉझलच्या टोकाभोवती असेल तर ते बाहेरून चिकटलंय. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडच्या हवेत पीईटीजी ओलं होतं, टोकातून ठिबकतं आणि खाली गोळा धरतं, हे खरं. पण ओलं फिलामेंट आट्यांत शिरत नाही. आट्यांत शिरायला आतून वाट लागते.

ती वाट बहुतेक एकाच चुकीनं तयार होते. नॉझलचा षटकोन आणि ब्लॉकची खालची बाजू यांच्यात कागदाच्या दोन-चार घड्या जातील एवढी, साधारण अर्धा मिलिमीटर फट असायला हवी. नॉझलचं वरचं तोंड आतमध्ये हीटब्रेकवर टेकायला हवं, प्लास्टिकला अडवतो तो तिथलाच जोड. कुणीतरी नॉझल ब्लॉकला चिकटेपर्यंत आवळलं की फट संपते, षटकोन ब्लॉकवर टेकतो आणि आत हीटब्रेकपाशी मात्र पोकळी राहते. वितळलेलं प्लास्टिक त्या पोकळीतून आट्यांत उतरतं, पुन्हापुन्हा तापून काळं पडतं आणि डिंकासारखं धरतं. तुमच्याकडे फट दिसत नसेल तर दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत: आट्यांत प्लास्टिक आहे आणि षटकोन ब्लॉकवर दाबून बसलाय. पहिल्या झटक्याला म्हणूनच जास्त जोर लागतो. पण तो एकदा सुटला की पुढे नॉझल मऊ फिरतं.

थंडपणी जोर का लावायचा नाही याची कारणं दोन. एक उघडच आहे, थंड पीईटीजी कडक असतं. दुसरं असं की ॲल्युमिनियम पितळापेक्षा थोडं जास्त प्रसरण पावतं. थंडीत भोक नॉझलला आवळतं आणि तापल्यावर थोडं मोकळं होतं. ६ मिलिमीटरच्या आट्याला २०० अंशांच्या फरकानं ही मोकळीक फक्त ५ मायक्रॉनच्या आसपास मिळते, पण आटे धरलेले असताना तेवढीही उपयोगाची. नॉझल पोलादी असेल तर फरक दुपटीहून जास्त पडतो, म्हणून पोलादी नॉझल गरम असताना आणखी सहज सुटतं.

डब्ल्यूडी-४० किंवा कुठलंही गंजकं सोडवणारं तेल मारू नका. इथे गंज नाहीच. प्लास्टिकवर तेलाचा उपयोग होत नाही आणि २५० अंशांच्या ब्लॉकवर ते धूर करतं, पेटही घेतं.

हत्यारं

व्ही६ च्या नॉझलला ७ मिलिमीटरचा षटकोन असतो, एमके८ या दुसऱ्या पद्धतीच्या नॉझलला ६ चा. तुम्हाला ७ चा सॉकेट किंवा बॉक्स पाना लागेल, पण आतून सहा कोपऱ्यांचाच. बारा कोपऱ्यांचा सॉकेट फक्त टोकांना धरतो आणि मऊ पितळाचे कोपरे तोच गोल करतो. दुचाकीच्या गॅरेजमध्ये ७ चा टी-पाना सहज सापडतो, मात्र त्याचं तोंड कडेला गोलाई देऊन घासलेलं असेल तर तो षटकोनावर पुरता चढत नाही. व्ही६ चा षटकोन उंचीला कमी असतो, तिथे ही गोलाई नडते. सॉकेटचं तोंड ग्राइंडरवर सपाट करून घ्या. उद्यमबागेतल्या कुठल्याही टर्नरचं ते दोन मिनिटांचं काम.

ब्लॉक धरायला सहा इंची ॲडजस्टेबल पाना, त्याचे जबडे ब्लॉकच्या दोन सपाट बाजूंवर पुरते बसतील असा. तुमचे कोपरे गोल झालेत, त्यामुळे त्याशिवाय एक लहान ग्रिप प्लायर, म्हणजे दाबून लॉक होणारी पक्कड, आणि एक बारीक सपाट कानस. चामडी हातमोजे, चिमटा, पितळी ब्रश, आणि खाली ठेवायला स्टीलची थाळी. सुटलेलं नॉझल खाली पडतं आणि बेडच्या शीटवर पडलं तर तिथे कायमचा डाग करतं.

आधी ब्लॉक उघडा करा

ब्लॉकवर सिलिकॉनचं मोजं असेल तर काढा. हॉट एंड मोकळ्या उंचीवर आणा आणि तापवा:

```
G28
G1 Z120 F600
M107
M109 S230
```

`M107` नं प्रिंटवर वारा मारणारा पंखा बंद होतो. हीटसिंकचा पंखा मात्र चालूच राहिला पाहिजे, नाहीतर उष्णता वर चढून फिलामेंट गळ्यातच फुगतं. खोलीतला छताचा पंखाही बंद करा. पाना लावलेला ब्लॉक वाऱ्यात पटकन थंड होतो आणि आपल्याला ते कळत नाही.

२३० ला पाच मिनिटं थांबा, मग फिलामेंट मागे ओढून काढून टाका. बाहेरचा थर मऊ झाला की चिमट्यानं सोलायला घ्या. ओढायचं ते तारांपासून लांब, कधीही तारांच्या दिशेनं नाही. थर्मिस्टरच्या तारा त्या थरात गाडलेल्या असतात आणि अख्खा गोळा एका झटक्यात ओढला की मणी भोकातून उपटून येतो. तारांजवळचा थर राहू द्या, तो आपल्या आड येत नाही. आपल्याला हवेत फक्त ब्लॉकच्या दोन समोरासमोरच्या सपाट बाजू आणि नॉझलचा षटकोन. ब्रश मारायचा असेल तेव्हा हीटर बंद करून, ब्लॉक अजून गरम आहे तोवर मारा. ब्रशच्या पितळी तारा हीटरच्या दोन टोकांवर पडल्या की शॉर्ट होतो.

कोपऱ्यांचं आधी बघा

तुमच्या बाबतीत सॉकेट आता बसवून बघा. सहाही कोपरे निम्मे तरी शिल्लक असतील आणि सॉकेट हलत नसेल तर सॉकेटनंच काम होईल. हातानं सॉकेट डावी-उजवीकडे फिरवल्यावर ढिला वाटला तर त्याचा नाद सोडा. पुढच्या झटक्यात उरलेले कोपरेही जातील.

मग षटकोनावर समोरासमोर दोन सपाट बाजू करायच्या. प्लग काढा, ब्लॉक थंड होऊ द्या, तारांवर आणि पंख्यावर ओलं फडकं गुंडाळा, म्हणजे पितळाचा कीस आत जाणार नाही. एका हातानं ॲडजस्टेबल पान्यानं ब्लॉक घट्ट धरा आणि दुसऱ्या हातानं कानस चालवा. कानशीचा धक्का हीटब्रेकला न जाता पान्यातच जिरला पाहिजे. ७ चा षटकोन ६ पर्यंत खाली आणला की पुरे. आता त्या दोन सपाट बाजूंवर ग्रिप प्लायर लॉक करा. प्लायरचे दात पितळात रुततील, रुतू द्या. लॉक थंडपणीच करायचं, कारण गरम असताना हात थरथरतो आणि पकड तिरकी बसते.

षटकोनावर लहान मापाचा सॉकेट हातोडीनं ठोकून बसवायची युक्ती गॅरेजवाले सांगतील. मोटारसायकलच्या बोल्टला ती चालते. इथे हातोडीचा प्रत्येक घाव सरळ हीटब्रेकच्या गळ्यावर जातो, म्हणून लटकत्या ब्लॉकवर ती करायची नाही.

फिरवणं

आता प्रत्यक्ष काम. प्लग लावा आणि तापमान २५० करा:

```
M109 S250
```

तुमचा हॉट एंड खरोखरच ऑल-मेटल असेल तर पीईटीजीसाठी २५० बरोबर आहे. थर काळा पडलेला असेल तर २७० पर्यंत जा, नॉझल काढताना त्यापुढे नको. काचेच्या मण्याचा थर्मिस्टर ३०० च्या आत ठेवायचा असतो. शिवाय ॲल्युमिनियम जसं तापतं तसं मऊही होतं, म्हणजे जास्त तापवलं की आटे उखडायची भीती वाढते. हॉट एंडमध्ये टेफ्लॉनची नळी ब्लॉकपर्यंत येत असेल तर २४० ला थांबायचं, कारण त्यावर ती नळी खराब होऊन विषारी वाफ सोडते.

तापमान गाठल्यावर लगेच फिरवू नका. दोन्ही हत्यारं ब्लॉकवर आणि नॉझलवर टेकवून पाच ते सात मिनिटं थांबा. थंड लोखंड नॉझलमधली उष्णता ओढून घेतं. पडद्यावर २५० दिसतं ते ब्लॉकचं तापमान, नॉझलच्या आट्यांचं नव्हे. हत्यार टेकवल्यावर आकडा पाच-दहा अंशांनी खाली येतो आणि हळूहळू सावरतो. तो सावरला की हत्यारही तापलं असं समजा. फार जड हत्यार लावलं तर `THERMAL RUNAWAY` असं दाखवून प्रिंटर बंद होईल. हे संरक्षण आहे, ते फर्मवेअरमधून काढून टाकू नका, त्यापेक्षा हलकं हत्यार घ्या.

दिशा नीट ठरवा. आटा साधा उजवा आहे, पण दिशा खालून बघताना धरायची. नॉझलच्या टोकाकडून वर बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेनं सुटतं. वरून, म्हणजे उभं राहून प्रिंटरकडे बघितलं तर तीच दिशा घड्याळाची दिसते. नॉझल काढतोय असं समजून आवळत बसलेले लोक कमी नाहीत. कोपरे गोल होण्याचं हेही एक कारण असतं, तेव्हा तुमच्याकडूनही तसं झालं का ते एकदा आठवून बघा.

आता दोन हत्यारांच्या दांड्या. खालून वर बघताय असं धरा आणि घड्याळाची तबकडी डोळ्यांसमोर आणा. नॉझल धरणाऱ्या हत्याराची दांडी ३ वर ठेवा आणि ब्लॉक धरणाऱ्या पान्याची २ वर. दोन्ही दांड्या एकाच मुठीत येतात. आता मूठ आवळा, लिंबू पिळतो तशी. नॉझलची दांडी २ कडे सरकते, म्हणजे सुटायच्या दिशेनं, आणि ब्लॉकची दांडी तेवढ्याच जोरानं उलट ढकलली जाते. दोन्ही जोर एकमेकांना खाऊन टाकतात आणि वरच्या हीटब्रेकपर्यंत काहीच पोचत नाही. दोन हातांनी दोन बाजूंना ओढलं की मात्र हिशेब चुकतो, एक हात नेहमी थोडा जास्त ओढतो आणि तो फरक गळ्यावर पडतो. सगळ्या उत्तरातली ही एकच गोष्ट लक्षात राहिली तरी तुमचा ब्लॉक वाचेल.

जोर किती? व्ही६ चं नॉझल बसवताना साधारण ३ न्यूटन-मीटर लागतो, म्हणजे १० सेंटिमीटरच्या दांडीच्या टोकाला ३ किलोचं वजन. काढताना त्याहून थोडा जास्त लागेल, पण ५ किलोच्या पुढे गेलात की पितळी नॉझलच षटकोनापाशी पिळून तुटायची वेळ येते. जोर हळूहळू चढवा, झटका देऊ नका. पाच किलोनंही हललं नाही तर जोर वाढवायचा नाही, आणखी पाच मिनिटं तापत ठेवायचं आणि मग पुन्हा.

हाताला काय जाणवतं यावर पुढचं ठरतं. एक बारीक 'कट्' झालं आणि त्यापुढे काकवीसारखं जड पण एकसारखं फिरायला लागलं तर सुटलं. तिथून सुमारे सात फेरे आहेत, एका फेऱ्याला एक मिलिमीटर, सावकाश काढा. दांडी थोडी फिरून रबरासारखी मागे येत असेल तर नॉझलचा गळा पिळतोय किंवा पकड घसरतेय, थांबा. करकर असा कोरडा आवाज येत असेल तर ॲल्युमिनियम आट्यांतून उपटलं जातंय. अशा वेळी अर्धा फेरा परत आत फिरवा, दोन मिनिटं थांबा, मग एक फेरा बाहेर, पुन्हा अर्धा आत. आटा पाडताना टॅप जसा मागे-पुढे करतात तसंच.

मध्येच लाइट गेली तर हत्यारं सोडून द्या. दोन-तीन मिनिटांत प्लास्टिक घट्ट होतं आणि अर्ध्या थंड नॉझलवर जोर लावला की तुटतं ते तिथेच. लाइट आली की पुन्हा पहिल्यापासून तापवायचं.

तरीही नाही निघालं तर

ब्लॉक बाहेर काढा. ब्लॉकला पाना लावून, गरम असताना, हीटसिंकमधून हीटब्रेकसह किंवा हीटब्रेकवरून नुसता, जसा येईल तसा मोकळा करा. मग थंड करून हीटरचा आणि थर्मिस्टरचा स्क्रू ढिला करा आणि दोन्ही हळूच काढून घ्या. आता ब्लॉक म्हणजे फक्त ॲल्युमिनियमचा तुकडा उरला, मोडायची भीती असलेलं काही त्यात नाही.

तो टेबल व्हाइसमध्ये धरा, पण जबड्यांना दोन बारीक लाकडी पट्ट्या लावा. नुसत्या लोखंडी व्हाइसमध्ये धरला तर व्हाइसच सगळी उष्णता पितं आणि ब्लॉक तापतच नाही. हीट गनचा वारा ब्लॉकवर दोन-तीन मिनिटं द्या, नॉझलवर नाही, कारण आपल्याला भोक मोकळं करायचंय. आट्यांच्या कडेचं प्लास्टिक ओलं चकचकीत दिसायला लागलं की प्लायरनं फिरवा. इथे हीटब्रेक नाही, त्यामुळे जोर थोडा जास्त चालेल. गॅसच्या ज्योतीवर ब्लॉक धरू नका, तापमान हातात राहत नाही आणि ब्लॉकचा कोपरा बघता बघता वाकतो.

आणि तेही फसलं तर ड्रिल

षटकोन तुटून आट्याचा भाग आत राहिला तरच वर्कशॉपला द्या, आणि तेव्हाही ब्लॉक असा सुटाच न्या, प्रिंटर नाही. टर्नरला तीन गोष्टी सांगा. आटा एम६, पिच १ आहे. नॉझलच्या मधे आधीच २ मिलिमीटरचं भोक आहे, तोच त्याचा सेंटर, वेगळा पंच मारायची गरज नाही. आणि ड्रिल ५ चं नको. एम६ चा टॅप मारायला ५ चं ड्रिल वापरतात हे त्याला पाठ असतं आणि सवयीनं तो तेच लावेल. पण ड्रिल केसभर तिरकं गेलं की ते एका बाजूनं ब्लॉकचे आटे खातं. ४.२ पर्यंत टप्प्याटप्प्यानं वाढवा, मग पितळाची जी पातळ नळी उरते ती टोकदार सुईनं आत वळवून चिमट्यानं ओढा, आट्यांतून ती स्प्रिंगसारखी सोलून येते. त्यानंतर एम६ चा टॅप हातानं, थोडं रॉकेल लावून, फक्त आटे साफ करायला फिरवा. तुटलेला स्क्रू बाहेर काढायचा इझी-आउट वापरायचा तर बारीकच, कारण शंकूसारखा इझी-आउट पितळी भिंत बाहेर ढकलतो आणि जे काढायचं तेच घट्ट करतो.

हेही सांगतो: व्ही६ चा नवा ब्लॉक काही शे रुपयांत मिळतो. ड्रिलच्या मजुरीचा आकडा त्याच्या जवळ जात असेल तर जुना ब्लॉक टाकून द्या. थर्मिस्टर आणि हीटर शाबूत असले की झालं.

बसवताना

निघालेल्या नॉझलचे आटे उजेडात बघा. नुसतं तपकिरी प्लास्टिक असेल तर ब्लॉक चांगला आहे. त्यात चांदीसारखे चकचकीत तुकडे अडकले असतील तर ते ब्लॉकचे आटे आहेत. नवं नॉझल हातानं सात फेरे विनाअडथळा जाईल आणि बसल्यावर डुगडुगणार नाही, तोपर्यंत त्या ब्लॉकवर विश्वास ठेवू नका.

आधी नॉझल ब्लॉकमध्ये पूर्ण आत घ्या आणि अर्धा फेरा मागे फिरवा. अर्धा फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर, हीच ती फट. मग हीटब्रेक वरून नॉझलला टेकेपर्यंत हातानं घट्ट करा. हीटर आणि थर्मिस्टर बसवून २८५ पर्यंत तापवा, दोन मिनिटं थांबा, आणि ब्लॉक धरून त्याच लिंबू पिळायच्या पद्धतीनं, पण दांड्यांची जागा अदलाबदल करून, ३ किलोच्या जोरानं आवळा. आवळल्यावरही फट दिसलीच पाहिजे. फट नाहीशी झाली तर हीटब्रेक पुरता खाली आलेला नाही, सोडवून परत करा. टेफ्लॉन आत असलेल्या हॉट एंडला २८५ कधीच करू नका, २४० लाच आवळा.

ब्लॉक हललाय, त्यामुळे तापमानाचं ट्यूनिंग पुन्हा करून घ्या:

```
M303 E0 S240 C8
```

आलेले आकडे `M301` नं टाका आणि `M500` नं साठवा. झेड ऑफसेटही नव्यानं लावा, नॉझलचं टोक जुन्याच उंचीवर आलेलं नसतं आणि ते विसरलात तर पहिल्याच लेयरला नवं नॉझल बेडवर घासेल. मग एक तासाचा प्रिंट लावा, सिलिकॉनचं मोजं न घालता, आणि संपल्यावर टॉर्च मारून ब्लॉकच्या वर हीटब्रेकच्या मुळाशी बघा. तिथे पीईटीजीचा एक थेंबही नसेल तर मोजं चढवा.